तालमुदची जडणघडण व त्याच्या दोन संहिता : बेने इस्रायल समाजाच्या संदर्भात

कोकणातील बेने इस्रायल समाज शनिवारी तेलघाणा बंद ठेवीत असे, म्हणून लोक त्यास 'शनवार तेली' म्हणत. सुंता, आहारनिषेध आणि 'शेमा' ही प्रार्थना या समाजाने पिढ्यानपिढ्या जपली. तालमुद मात्र त्याच्या परंपरेत नव्हता. इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यानंतर ही उणीव त्यास भोवली. घटस्फोटाचे तालमुदी नियम या समाजात पाळले गेले नसावेत, अशा संशयावरून इ.स. १९६२ मध्ये तेथील प्रमुख रब्बी मंडळाने विवाहापूर्वी वंशचौकशीचा निर्देश काढला. आंदोलनानंतर १९६४ मध्ये निर्देशातील समाजाचे नाव वगळण्यात आले. ज्या ग्रंथाच्या आधारे ही कसोटी लावली गेली, तो कसा सिद्ध झाला हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर गुरुशिष्यांच्या मुखी असलेले विधिनियम सुमारे इ.स. २०० मध्ये रब्बी यहुदा हानासी यांनी सहा विभागांत रचले. हीच हिब्रू 'मिश्ना'. तिचा पहिलाच प्रश्न, योगायोगाने, कोकणात टिकून राहिलेल्या शेमाविषयी आहे : सायंकाळी शेमा केव्हापासून म्हणावा? अंतिम वेळेबाबत तीन मते दिली आहेत : पहिला प्रहर संपेपर्यंत, मध्यरात्रीपर्यंत आणि पहाट फुटेपर्यंत. मिश्ना मतभेद मिटवीत नाही, नोंदविते. त्यामुळे भाष्याची गरज निर्माण झाली.

हे भाष्य, म्हणजे 'गेमारा', मुख्यतः अरामी भाषेत दोन प्रदेशांत वाढले. गालीलमधील पंडित वरील प्रश्नावर लवकरच ताऱ्यांकडे वळतात : एक तारा दिसला तर दिवस, दोन असता संशय, तीन दिसता रात्र. बॅबिलोनियातील सुरा व पुंबेदिता येथील परंपरा मात्र आधी विचारते, सकाळ सोडून संध्याकाळ प्रथम का? उत्तर सृष्टिनिर्मितीच्या कथेत शोधले जाते, कारण तेथे दिवसाची गणना संध्याकाळपासून होते. मूळ मिश्ना एकच असूनही चर्चेचे वळण भिन्न असल्याने संहिता दोन झाल्या.

गालीलमधील संकलनास 'जेरुसलेम तालमुद' म्हणतात. हे नाव फसवे आहे, कारण त्याचा मोठा भाग तिबेरियास येथे घडला. ख्रिस्ती रोमन सत्तेखाली तेथील ज्यू संस्था क्षीण होत गेल्या व सुमारे इ.स. ४०० च्या आसपास हे काम थांबले. त्याची चर्चा पुष्कळ ठिकाणी त्रोटक वाटते. सासानी इराणच्या राज्यात बॅबिलोनियातील काम पुढेही चालू राहिले. परंपरा त्याचे श्रेय राव आशी (मृत्यू ४२७) यांना देते. परंतु आधुनिक अभ्यासकांच्या मते प्रश्नोत्तरांची सांगड घालणारे बरेचसे लेखन नंतरच्या अनामिक संपादकांचे आहे. कृषिविषयक मिश्नेवर गालीलमध्ये सविस्तर भाष्य आहे, बॅबिलोनियात जवळजवळ नाही. ते नियम प्रामुख्याने इस्रायलच्या भूमीपुरतेच लागू होते.

पुढे बगदादमधील विद्यापीठप्रमुखांनी दूरदूरच्या ज्यू वस्त्यांना बॅबिलोनियन संहितेनुसार निर्णय कळविले. उत्तरकालीन पंडितांना आधीची मते ज्ञात होती, असा युक्तिवादही मध्ययुगीन विधिज्ञांनी केला. त्यामुळे नुसते 'तालमुद' म्हटले की आज बॅबिलोनियन तालमुदच अभिप्रेत असतो.