पाणी शिंपडलं की तेल सुटतं

लाकडी घाण्यावर शेंगदाणे पडलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा एका गोष्टीनं चक्रावून गेलो. दाणे भरडले गेले, त्यांचं पीठ झालं, तरी तेलाचा थेंब नाही. मग घाणेवाल्यानं तांब्यातलं पाणी हातात घेऊन त्या पिठावर शिंपडलं. तेल काढायला पाणी! आणि थोड्याच वेळात पीठ घट्ट होऊन उखळाच्या कडेला चिकटू लागलं, मधल्या खळग्यात तेल चमकायला लागलं.

याचं उत्तर दाण्याच्या आत आहे. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, तरी दाणा हातात धरला तर बोट तेलकट होत नाही. कारण ते तेल अतिशय सूक्ष्म थेंबांत साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो. उगवणाऱ्या कोंबाची ती शिदोरी आहे, म्हणून झाडानं इतकी जपून बांधली आहे. घाण्याची लाट फिरते तेव्हा हे पापुद्रे फाटतात, पण सुटलेलं तेल पिठाच्या कणांना धरून राहतं. पाणी शिंपडलं की दाण्यातली प्रथिनं ते शोषून फुगतात, एकमेकांना बिलगतात आणि मधल्या फटींतलं तेल बाहेर ढकलतात. पंधरा किलो दाण्यांना साधारण अर्धा लिटर पाणी लागतं, दाणे किती सुके आहेत त्यावर थोडं मागेपुढे. कमी पडलं तर पीठ भुरभुरीत राहतं, जास्त झालं तर लगदा होतो आणि तेल त्यातच अडकतं. तो अंदाज घाणेवाल्याच्या हाताला असतो.

पाऊण-एक तासानं हाती येतं सुमारे सहा किलो तेल. बाकीचं पेंडीत राहतं, आणि जनावरांना ती पेंड आवडते ती त्यामुळेच. लोखंडी एक्स्पेलर याहून जास्त तेल पिळून काढतो, पण त्या दाबात तापमान शंभर अंशांच्या वर सहज जातं. लाट मिनिटाला दहा-पंधरा फेरेच घेते, म्हणून तेल कोमट राहतं. ‘कोल्ड प्रेस्ड’मधला थंडपणा तो एवढाच. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाण्यात सुधारणा केल्या, त्याही याच संथ फेऱ्याला धरून होत्या.

ताजं तेल गढूळ असतं. स्टीलच्या पिंपात तीन-चार दिवस स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर फिकट सोनेरी तेल उरतं. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नये.

वासाची गंमत मात्र अनेकांना ठाऊक नसते. भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास हा भाजण्यातूनच जन्मतो, कच्च्या दाण्यात तो नसतो. म्हणून घाण्याच्या तेलाला ओल्या शेंगेसारखा, किंचित गोडसर वास हवा. बाटली उघडताच खमंग घमघमाट आला, तर दाणे आधी तापवलेले आहेत असं समजावं. ते तेल वाईट नव्हे, पण त्यावरचं ‘कोल्ड प्रेस्ड’ हे नाव खरं नाही. एक धोका मात्र नाकालाही कळत नाही. बुरशी लागलेल्या दाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन रिफाइन न केलेल्या तेलात काही प्रमाणात उतरतं. त्यामुळे दाणे निवडून घेणारा घाणा शोधणं ही सर्वांत मोठी काळजी.

या तेलाचं सोनं होतं ते कच्चं खाण्यात. गरम भाकरी, ठेचा आणि वरून तेलाची धार. फोडणीला, भाजीला, कोरड्या चटणीत कालवायलाही ते उत्तम. तळणीत मात्र त्याची मर्यादा दिसते. पुरी-भज्यांना कढई १७०-१८० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि रिफाइन न केलेलं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांनाच धूर सोडू लागतं. शिवाय त्यात उरलेल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे फेस येतो. सणासुदीची एखादी तळणी ठीक, पण उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नये.

टिकण्याचा प्रश्न आला की पुन्हा ते शिंपडलेलं पाणी आठवतं. बहुतेक पाणी पेंडीत जातं, पण तेल नीट निवळू दिलं नाही तर थोडी ओल त्यातही राहते. चमचाभर तेल पळीत तापवून पाहा. तडतडलं तर ओल आहे, आणि ते लवकर खवट होणार. नीट निवळलेलं तेल तीन महिने निर्धास्त वापरावं, फार तर सहा. उजेड, उष्णता आणि हवा हे त्याचे तीन शत्रू, म्हणून शेगडीशेजारची पारदर्शक बाटली ही सर्वांत वाईट जागा. स्टीलचा डबा किंवा गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, आणि ओला चमचा कधीच नाही. फ्रिजमध्ये ते दाटून पांढुरकं होतं, बाहेर काढलं की पुन्हा पातळ आणि सोनेरी. बाटलीवर तारीख पाहताना भरल्याची नव्हे, तेल काढल्याची विचारा. घाणेवाला ती तोंडपाठ सांगतो.