चीर मिटली की गाठ पुन्हा भरते

योनीच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, डावीकडे आणि उजवीकडे वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते. निरोगी असताना ती हातालाही लागत नाही. 17व्या शतकात डॅनिश शरीरशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांनी तिचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. ग्रंथीत तयार होणारा ओलावा सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या बारीक नळीतून बाहेर येतो. या नळीचे तोंड बुजले तरी आत पाझरणे चालूच राहते. द्राव साचतो, नळी फुगते आणि गाठ तयार होते. हीच बार्थोलिन सिस्ट.

सिस्ट बहुधा एकाच बाजूला असते आणि दुखत नाही. कित्येक जणींना ती आंघोळ करताना सहज हाताला लागते किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत कळते. ती लहान असेल आणि त्रास देत नसेल, तर तिला हात लावायची गरज नसते. मात्र साचलेल्या द्रावात जंतू शिरले की चित्र झपाट्याने पालटते.

डॉक्टरांकडे नेहमी दिसणारा प्रकार उदाहरणादाखल घेऊ. एकोणतीस वर्षांच्या बाईला सोमवारी थोडे ठणकते. बुधवारपर्यंत लिंबाएवढी गाठ होते, वरची कातडी लाल, गरम आणि ताणलेली. तिला धड बसता येत नाही, चालताना पाय फाकवावे लागतात. अंगात ताप असेलच असे नाही. घरी सांगायचे कसे, लोक गुप्तरोग म्हणतील का, या धास्तीत तिचे दोन दिवस गेलेले असतात. ही धास्ती मनातून काढायलाच हवी. प्रमेह किंवा क्लॅमिडियाचे जंतू कधीकधी सापडतात, म्हणून डॉक्टर गरजेप्रमाणे तशी तपासणीही करतात. पण पुवात अनेकदा मिळतो तो आतड्यात एरवीही राहणारा ई. कोलाय. गळू झाले म्हणून बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या वागण्यावर बोट ठेवता येत नाही.

भूल देऊन डॉक्टर चीर देतात, पू वाहून जातो आणि त्याच घटकेला तिला उतार पडतो. पण चीर थोड्याच दिवसांत भरून येते. नळीचे मूळ तोंड तर बंदच असते. आत पुन्हा द्राव साचतो आणि चार-सहा महिन्यांनी तीच बाई त्याच दुखण्याने परत येते. आपण स्वच्छता राखली नाही म्हणून असे झाले, असे तिला वाटते. खरे तर पू काढला गेला, पण द्रावाला कायमची वाट कोणी करून दिली नाही.

ती वाट दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची चीर देऊन, पू काढून, आत वर्ड कॅथेटर ही रबराची बारीक नळी सरकवतात. तिच्या टोकाचा छोटा फुगा दोन-तीन मिलिलिटर सलाइनने फुगवला की ती जागेवर राहते. चार ते सहा आठवडे ती तशीच ठेवतात. तेवढ्यात छिद्राच्या कडेने आतून त्वचा धरते आणि नवे तोंड पक्के होते. हे काम जागा बधिर करून बाह्यरुग्ण विभागातही होते. अडचण एवढीच की फुगा कधीकधी वेळेआधी निसटतो. शिवाय हा कॅथेटर सगळीकडे मिळत नाही.

दुसरा प्रकार मार्सुपियलायझेशनचा. यात सिस्टवर दीड-दोन सेंटिमीटरची चीर देतात, आतले सारे रिकामे करतात आणि सिस्टच्या अस्तराची कड बाहेर वळवून भोवतालच्या त्वचेला विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. सदऱ्याच्या काजाच्या कडा शिवल्या की भोक उघडे राहते, तसेच हे. पुढे ते तोंड आक्रसून लहान होते, पण वाहते राहते. यासाठी बहुधा शस्त्रक्रियागृह आणि कंबरेखालची किंवा पूर्ण भूल लागते. गळू ऐन भरात असताना अस्तर इतके सुजलेले आणि ठिसूळ असते की टाके धरत नाहीत. म्हणून बरेच डॉक्टर आधी निचरा करतात आणि सूज उतरल्यावर हे करतात.

नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी या दोन्ही पद्धतींची तुलना केली, तिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखेच, दहा जणींत एकीच्या आसपास होते. त्यामुळे निवड बहुतेकदा सोय, भूल आणि जवळ काय उपलब्ध आहे यावर ठरते. गळू झालेल्या बाईने डॉक्टरांना थेट विचारावे, ‘नुसती चीर देणार, की तोंड उघडे राहील अशी सोयही करणार?’

पू पूर्ण निघाला असेल तर प्रत्येकीला अँटिबायोटिक लागतेच असे नाही. ताप, आजूबाजूला पसरणारी लाली, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर ते देतात. एरवी दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसल्याने ठणका कमी होतो. गाठ स्वतः दाबून किंवा सुईने फोडू नये, त्याने संसर्ग आत पसरू शकतो.

हा त्रास बहुधा विशीतिशीतल्या बायकांना होतो. चाळिशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर पहिल्यांदाच या जागी गाठ आली, ती टणक असली किंवा भोवतालच्या भागाला चिकटलेली वाटली, तर केवळ निचरा करून घरी जाऊ नये. या ग्रंथीचा कर्करोग फार विरळा आहे, तरी या वयात गाठीचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.