आकडे जुळले, पण बेटं जोडली का?

हे आठ आकडे म्हणजे समुद्रातली आठ बेटं.

```
२     २     २

४           ४

२     २     २
```

या बेटांना पुलांनी जोडायचं आहे. बेटावरचा आकडा सांगतो की तिथून एकूण किती पूल निघतात. पूल आडवे किंवा उभेच असतात, तिरके चालत नाहीत. सरळ रेषेत जे पहिलं बेट दिसतं त्याच्याशीच पूल होतो, बेटाच्या डोक्यावरून पलीकडे जाता येत नाही. दोन बेटांमध्ये जास्तीत जास्त दोन पूल बांधता येतात आणि एक पूल दुसऱ्याला छेदत नाही. शेवटची अट अशी की कुठल्याही बेटावरून चालत निघालं तर बाकीच्या सगळ्या बेटांवर पोचता आलं पाहिजे.

ही शेवटची अट क्षणभर बाजूला ठेवली, तर वरच्या कोड्याची बरोबर चार उत्तरं निघतात. ती अट परत आणली की चारातलं एकच उरतं. माझ्या मते या कोड्याचा सगळा जीव तिथे आहे. बाकीचे नियम बेरीज-वजाबाकीचे आहेत.

कोडं जपानचं. नाव हाशिवोकाकेरो, पण सोडवणारे नुसतं ‘हाशी’ म्हणतात. ‘निकोली’ या कोड्यांच्या जपानी नियतकालिकाच्या ३१व्या अंकात, सप्टेंबर १९९० मध्ये, ते आजच्या रूपात आलं. त्याचा एक कच्चा अवतार डिसेंबर १९८९ च्या अंकात येऊन गेला होता. माकी काजी यांनी मित्रांसोबत सुरू केलेल्या या नियतकालिकाचं नाव एका शर्यतीच्या घोड्यावरून घेतलेलं. आपल्या वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलेल्या सुडोकूचं बारसंही निकोलीनेच केलं. काजी २०२१ मध्ये गेले. निकोलीची कोडी माणसं हाताने रचतात, नियतकालिकाचे वाचकही रचून पाठवतात, आणि चांगल्या रचनाकाराने सोडवणाऱ्याची वाट किती विचारपूर्वक आखलेली असते ते हाशीत चटकन कळतं.

आता आपल्या आठ बेटांकडे वळू. बोलायला सोपं जावं म्हणून वरची ओळ क, ख, ग. मधली च आणि छ. खालची ट, ठ, ड. च आणि छ ही चारची बेटं, बाकी सगळी दोनची.

पहिली गोष्ट दोन आणि दोनची. क आणि ख यांच्यात दुहेरी पूल बांधला तर दोघांचेही आकडे भरले. म्हणजे त्या दोन बेटांचा संसार तिथेच आटोपला, बाहेर जायला वाट नाही आणि बाहेरून कोणी येऊही शकत नाही. कोड्यात एवढी दोनच बेटं असती तर चाललं असतं, पण इथे आठ आहेत. तेव्हा दोनच्या शेजारी दोन असेल तर त्यांच्यात फार तर एकेरी पूल होतो. याच न्यायाने एकच्या शेजारच्या एकशी पूल कधीच होत नाही.

ख या मधल्या बेटाला तीन शेजारी: क, ग आणि खाली सरळ रेषेत ठ. तिघंही दोनचे. म्हणजे ख कुणाशीच दुहेरी पूल बांधू शकत नाही, त्याला तिघांपैकी दोघांशी एकेक पूल बांधावा लागेल. ठची गतही तीच.

ख आणि ठ यांच्यात पूल आहे असं धरून पाहू. तो च आणि छ यांच्यामधला रस्ता अडवतो. मग चला उरले दोनच शेजारी, वर क आणि खाली ट. त्याला पूल हवेत चार, म्हणजे दोघांशीही दुहेरी. झालं, क भरला. पलीकडे छच्या बाबतीत हेच घडतं आणि ग भरतो. आता खला क नाही, ग नाही, उरला फक्त ठ, आणि त्याच्याशी दुहेरी पूल बांधायची बंदी. म्हणजे आपण धरलेलंच चूक. ख आणि ठ यांच्यात पूल नाही.

यापुढे सगळं आपोआप उलगडतं. ख एकेक पूल क आणि ग यांना देतो, ठ एकेक ट आणि ड यांना. चारही कोपऱ्यांचा एकेक पूल उरतो, तो च किंवा छकडेच जाऊ शकतो. चला दोन मिळाले, दोन बाकी, आणि ते फक्त छकडे जातात.

```
२ ─── २ ─── २
│           │
४ ═════════ ४
│           │
२ ─── २ ─── २
```

बाकीची तीन उत्तरं कुठे गेली? एकात ख आणि ठ दुहेरी पुलाने एकमेकांना बांधलेले, आणि डाव्या-उजव्या उभ्या ओळी वेगळ्या. दुसऱ्यात क-ख आणि ठ-ड या जोड्या सुटून पडलेल्या. तिसरं म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. तिन्हींत प्रत्येक बेटाची बेरीज अचूक आहे. नवख्याची फसगत होते ती इथेच. एकेका बेटावर बोट ठेवून तो तपासतो, सगळं बरोबर निघतं, आणि तरी उत्तर चुकलेलं असतं. सलगता एका बेटाकडे पाहून कळत नाही, त्यासाठी सगळा नकाशा एकदम पाहावा लागतो.

मोठ्या कोड्यात सुरुवात मात्र बेरजेनेच होते. बेटाला शेजारी किती ते मोजायचं आणि त्याची दुप्पट करायची. आकडा तेवढाच असेल तर सगळीकडे दुहेरी पूल: चार शेजाऱ्यांचा आठ, तीन शेजाऱ्यांचा सहा, दोन शेजाऱ्यांचा चार. आकडा दुपटीपेक्षा एकने कमी असेल, म्हणजे सात, पाच किंवा तीन, तर प्रत्येक दिशेला निदान एक पूल नक्की. त्या सातचा एखादा शेजारी एकचा असेल तर तुटीचा तो एक पूल तिथेच गेला, आणि बाकी तिन्हीकडे दुहेरी पूल निःशंक काढता येतात. पक्का पूल अनेकदा कुणाचा तरी रस्ता अडवतो, त्यामुळे त्या बेटाचा एक शेजारी कमी होतो आणि हाच हिशेब त्याला नव्याने लावता येतो.

हे करता करता एक वेळ येते की बेरजेने काहीच हलत नाही. तेव्हा बेटांऐवजी गटांकडे पाहायचं. समजा तीनच्या एका बेटाला तीन शेजारी आहेत: एक, दोन आणि पाच. तीनने आपले सगळे पूल एक आणि दोन यांना दिले तर तिघंही भरतात आणि गट बंद होतो. म्हणून पाचकडे निदान एक पूल गेलाच पाहिजे. मोठ्या गटालाही तोच प्रश्न विचारायचा: याचे आकडे भरायचे बाकी असलेले बेट कोणते? तसं एकच बेट उरलं असेल तर त्याच्या उरलेल्या पुलांपैकी एक तरी गटाबाहेर जायला हवा. बेट भरलं की त्यावर काट मारायची सवय लावली तर असे गट लगेच नजरेत येतात. शेवटी दोन वेगळे गट उरले तर मात्र शेवटचे पूल पुसण्यात अर्थ नाही. चूक बहुधा बरीच आधी झालेली असते, आणि जिथे पुरेसं कारण नसताना ‘हेच असेल’ म्हणून रेघ ओढली ती जागा शोधावी लागते.

एक हिशेब कोडं सोडवण्याआधीच करता येतो, आणि तो फारसं कुणी करत नाही. सगळ्या बेटांवरच्या आकड्यांची बेरीज करा. प्रत्येक पूल दोन बेटांवर मोजला जातो, म्हणून बेरीज सम येते. विषम आली तर छपाईची चूक आहे, पेन्सिल खाली ठेवा. बेरजेची निम्मी म्हणजे पुलांची संख्या. आपल्या कोड्यात बेरीज २०, म्हणून पूल १०. आठ बेटं एकत्र बांधायला निदान सात जोडण्या लागतात, म्हणजे इथे तीन पूल चैनीचे. पण बेरीज १४ असती तर? मग पूल सातच, एकही वाया घालवता येणार नाही. अशा कोड्यात एकही दुहेरी पूल नसतो आणि फिरून त्याच बेटावर आणणारा वळसाही नसतो. कागदाला हात लावण्याआधी एवढं कळलं तर निम्मं काम हलकं होतं. सायमन टॅथम यांच्या मोफत कोडीसंग्रहात हाच खेळ `Bridges` या नावाने आहे. त्यात असे वळसे नकोत असं आधीच ठरवून कोडं मागता येतं.

संगणकाला हे कोडं कितपत अवघड जातं? नुसते आकडे जुळवायचे असते, छेदण्याची आणि सलगतेची अट नसती, तर आकार कितीही वाढला तरी वेगाने चालणाऱ्या ठरीव रीती गणितात आहेत. पण पूर्ण नियमांसह हाशी ‘एनपी-कंप्लीट’ आहे, असं डॅनियल अँडरसन यांनी २००९ मध्ये सिद्ध केलं. अर्थ असा की तयार उत्तर तपासणं सोपं, पण वाटेल तेवढ्या मोठ्या कोड्याचं उत्तर हमखास झटपट शोधणारी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. कारणाचा अंदाज आपल्या दोनच्या बेटांवरूनच येतो. दोनपेक्षा जास्त बेटं असलेल्या कोड्यात सगळ्यांवर दोनच लिहिलेलं असेल तर दुहेरी पूल कुठेच चालत नाही, प्रत्येक बेटावरून दोन एकेरी पूल निघतात, आणि सगळं सलग हवं म्हणजे एकच बंद फेरी तयार होते. प्रत्येक ठिकाणी एकदाच जाऊन मूळ जागी परतणारी फेरी शोधणं हा गणितातला जुना आणि कुप्रसिद्ध अवघड प्रश्न, आणि अँडरसन यांची सिद्धता त्यावरच उभी आहे. अर्थात मासिकात येतात ती कोडी माणसाला तर्काने सुटतील अशी रचलेली असतात, त्यांना हे भय नाही.

आपल्या आठ बेटांत एक छोटा बदल करून पाहा. दोन्ही चारच्या जागी तीन लिहा, बाकी सगळं तसंच. बेरीज १८, पूल नऊ. आता सगळ्या अटी पाळूनही सलग उत्तरं तीन निघतात, म्हणून रचनाकार हे कोडं टाकून देईल. त्यातली दोन एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. तिन्ही शोधून काढा.