साम्राज्याला लगाम कोण घालतं?

अंतराळाचा शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा वापर आणि शत्रूचा नायनाट, या चार कामांवर उभ्या असलेल्या खेळांना ॲलन एमरिच यांनी १९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना 'फोर-एक्स' म्हटलं. यातला विस्तार सावकाश व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी खेळ निवडताना एकच गोष्ट पाहावी: साम्राज्य वाढताना अडतं कशावर? 'स्टेलारिस' (२०१६) आणि 'डिस्टंट वर्ल्ड्स २' (२०२२) या दोघांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

समजा, शेजारची एक ताऱ्याची प्रणाली हवी आहे. स्टेलारिसमध्ये आधी विज्ञान-जहाज तिची पाहणी करतं, मग बांधकाम-जहाज तिथे चौकी उभारतं. खर्च साधारण १०० मिश्रधातू आणि ७५ 'इन्फ्लुअन्स'. मिश्रधातू कारखाने वाढवून मिळतात, इन्फ्लुअन्स मात्र सुरुवातीला महिन्याला तीन-चारच मिळतो. म्हणजे एका चौकीमागे खेळातली दीड-दोन वर्षं गेली. प्रणाली आपल्या सीमेपासून जितकी लांब, तितका हा खर्च जास्त. पुढे साम्राज्याचा आकार वाढला की प्रत्येक संशोधन महाग होतं. थोडक्यात, इथला लगाम नियमांचा आहे, आणि तो पडद्यावर आकड्यांत दिसतो.

डिस्टंट वर्ल्ड्स २ मध्ये असा कुठला गुणांचा कोटा नाही. तिथे अडतं ते इंधनावर. कॅस्लॉन नावाचा वायू खाणस्थानकांवर काढावा लागतो आणि तो बंदरांपर्यंत नेतात खासगी मालवाहू जहाजं. त्यांच्यावर तुमचा हुकूम चालत नाही. लांबच्या वसाहतीकडे ताफा घाईने धाडला आणि वाटेत इंधनाची सोय नसली, तर तो तारकांच्या मधोमध गोगलगायीच्या गतीने सरपटत बसतो. म्हणून आधी वाटेवर कॅस्लॉनचा साठा शोधायचा, तिथे खाणस्थानक बांधायचं, मालवाहतूक सुरू झाल्याची खात्री करायची आणि मगच ताफा हलवायचा. बंदरातला साठा सतत शून्याजवळ दिसला, की विस्तार पुरवठ्याच्या पुढे पळाला असं समजावं.

दोन्ही खेळांचा त्रास वेगवेगळ्या वेळी होतो. स्टेलारिसची सुरुवात रंगते, पण शेवटी लोकसंख्येच्या हिशेबाने संगणक मंदावतो. तिथे हजार ताऱ्यांचा मोह टाळून चारशे तारे निवडावेत, वस्तीयोग्य ग्रह कमी करावेत आणि शेवटच्या संकटाचं वर्ष पुढे ढकलावं. डिस्टंट वर्ल्ड्सची सुरुवातच गोंधळाची असते. तिथे बरीचशी कामं सल्लागारांवर सोपवून फक्त संशोधन आणि वसाहती आपल्याकडे ठेवाव्यात. अतिवेगवान इंजिनाचा शोध लागण्याआधीचा काळ सुरुवातीला निवडला, तर स्वतःच्या सूर्यमालेबाहेर पडणं हीच पहिली मोठी मोहीम ठरते.

हिशेब मांडून सीमा आखायची हौस असेल तर स्टेलारिस घ्यावा. पुरवठ्याची साखळी उभी राहताना पाहायची असेल, तर डिस्टंट वर्ल्ड्स.