जुना टायर घेताय? आधी तारीख वाचा, मग आतून बघा

मे महिन्यात साताऱ्याहून सांगलीला लग्नाला जायचं होतं. त्याआधी आमच्या मामूंनी गाडीसाठी ११०० रुपयांना एक जुना टायर आणला. "खाचा बघा, अजून निम्मा शिल्लक आहे," ते म्हणाले. टायर काळाभोर चमकत होता. पण बसवण्याआधी आम्ही तो पंक्चरवाल्याकडे नीट पाहिला.

प्रथम वय. टायरच्या बाजूवर डी.ओ.टी. या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. आमच्या टायरवर ३५१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा ३५ वा आठवडा, ऑगस्टची अखेर. २०२४ च्या मे महिन्यात तो पावणेआठ वर्षांचा झाला होता. हे चार आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात. तेव्हा "तारीखच नाही" असं कुणी म्हटलं तर टायर उलटा करून बघा.

वय का बघायचं? गाडी उभी असली तरी हवा आणि उन्हामुळे रबर कडक होतं, आतल्या तारांवरची त्याची पकड सुटत जाते. उन्हाळ्यात हायवेवर भरल्या गाडीने टायर तापला की वरचा थर सोलून निघू शकतो. खाचांवरून हे कळत नाही.

मग ओल्या फडक्याने पॉलिश पुसली. अंगठ्यांनी बाजू वाकवली, तेव्हा बारीक भेगा उघडल्या. बाजूला फुगवटा असेल तर खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत असं समजा. असा टायर घेऊच नका.

खरी गोष्ट आत कळते, म्हणून टायर रिमवर नसतानाच बघावा. मधल्या भागातल्या खिळ्याच्या भोकाला आतून नीट पॅच लावला असेल तर चालतं. बाजूवर पॅच असेल तर नको, कारण तो भाग सतत वाकतो. आमच्या टायरमध्ये आत बाजूने गोलाकार काळपट घासलेला पट्टा होता, हात लावला की रबराची भुकटी निघत होती. म्हणजे तो हवा नसताना पळवलेला होता. टायर परत केला.

खाचांमध्ये आडव्या छोट्या उंचवट्या असतात, त्या १.६ मिलिमीटरच्या. रबर तिथवर आलं की टायर संपला. त्या उंचवट्या दिसतच नसतील तर खाचा नव्याने कोरल्याचा संशय घ्या.

आता हिशोब. त्या टायरला साडेतीन मिलिमीटर खाच होती, म्हणजे वापरायला फक्त १.९ मिलिमीटर. दर मिलिमीटरला सुमारे ५८० रुपये पडले. नवा ३००० रुपयांचा, खाच सुमारे ८ मिलिमीटर, वापरायला ६.४. दर मिलिमीटरला सुमारे ४७० रुपये.

एवढं तपासूनही आतल्या तारांची अवस्था डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जुना घ्यावाच लागला तर तो गावातल्या गावात वापरा. घरच्यांना घेऊन हायवेला जाताना नको. मामूंनी शेवटी नवाच घेतला.