रेड वाइन, बेदाणे आणि डोकेदुखी

चोर्ल्याच्या घाटातून गोव्याहून आणलेली रेड वाइन घेतली की बेळगाव-निपाणीकडच्या काहींचं डोकं तासा-दोन तासांत ठणकू लागतं. दोष सल्फाइटला दिला जातो. बाटलीवर तसं छापलेलंच असतं ना!

पण तासगाव-विजयपूरकडचे पिवळेधमक बेदाणे आठवा. रंग टिकावा म्हणून अनेकदा त्यांना गंधकाची धुरी देतात. अशा बेदाण्यांत किलोमागे 1000 मिलिग्रॅम सल्फाइट धरलं, तर 30 ग्रॅमच्या मुठीतून 30 मिलिग्रॅम पोटात जातं. लिटरला 100 मिलिग्रॅम असलेल्या वाइनच्या 150 मिलीच्या ग्लासातून जेमतेम 15. शिवाय सल्फाइट सहसा व्हाइट वाइनमध्ये जास्त असतं आणि तक्रार मात्र रेडची! म्हणजे बेदाणे खाऊन डोकं दुखत नसेल, तर संशय दुसरीकडे वळवावा. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने धाप लागते, तो धोका मात्र खरा आहे.

हिस्टामिन रेडमध्ये जास्त असतं, आणि ते मोडणारं डीएओ हे विकर ज्यांच्यात कमी, त्यांना त्रास होऊ शकतो. तरीही वाइन न सोसणाऱ्यांना कमी आणि जास्त हिस्टामिनची वाइन देऊन पाहिली, तेव्हा लक्षणांत ठोस फरक दिसला नाही.

2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नवा संशयित पुढे आणला: द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन. शरीरात त्याचं जे रूप बनतं, ते अल्कोहोलपासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणाऱ्या विकराला अडवतं, आणि साचलेल्या अ‍ॅसिटाल्डिहाइडने डोकं दुखू शकतं. ऊन खाल्लेल्या द्राक्षांत क्वेर्सेटिन अधिक असतं. हा पुरावा मात्र परीक्षानळीतला आहे, माणसांवरचा नव्हे.