अकरा महिन्यांचा करार आणि सात वर्षांची ग्रॅच्युइटी

चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगाराचं नेमणूकपत्र वाचायला घेतलं, तर मुदतीच्या रकान्यात बहुतेक वेळा अकरा महिने लिहिलेले असतात. करार संपतो, दोन दिवस गेटपास बंद होतो, तिसऱ्या दिवशी नवं पत्र मिळतं आणि माणूस त्याच मशिनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली उभा राहतो. सरकारी खात्यांतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या दोन दिवसांना ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. अशी सात-आठ वर्षं जातात. एक दिवस नवं पत्र येत नाही. हिशेबाच्या कागदावर शेवटच्या महिन्याचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे असतात. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात शून्य. विचारलं तर उत्तर ठरलेलं: तुम्ही कायम नव्हता, आणि तुमचा कोणताच करार वर्षाचासुद्धा नव्हता.

हे उत्तर इतक्या ठामपणे दिलं जातं की बहुतेक माणसं मुकाट्याने सही करून जातात. माझं म्हणणं असं की ते जुन्या कायद्यातही चूक होतं आणि नव्या कायद्यात तर त्याला जागाच उरलेली नाही.

आधी जुना कायदा पाहू, कारण वर्षानुवर्षांची नोकरी त्याच्याच काळात झालेली आहे. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या वाचली की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते: तिथे ‘कायम’ हा शब्दच नाही. शिकाऊ उमेदवार सोडून जो कोणी वेतनावर काम करतो तो कर्मचारी, मग नोकरीच्या अटी लेखी असोत वा गृहीत धरलेल्या. दुसरी गोष्ट निवृत्तीच्या व्याख्येत आहे. नियत वयोमान सोडून इतर कोणत्याही कारणाने नोकरी संपणं म्हणजे निवृत्ती, असं कायदा म्हणत होता. म्हणजे कराराची मुदत संपून नोकरी गेली तरी कायद्याच्या लेखी ती निवृत्तीच होती, आणि पाच वर्षांची सलग सेवा असेल तर ग्रॅच्युइटी देय होती.

प्रश्न उरतो ‘सलग’चा, आणि मालकाची सगळी भिस्त इथेच असते. कायद्याने सलग सेवेचा अर्थ कलम २अ मध्ये सविस्तर दिला होता. आजारपण, अपघात, रजा, टाळेबंदी, आणि कामगाराचा दोष नसताना बंद राहिलेलं काम, यांपैकी कशानेही सेवा तुटत नाही. करार संपल्यावर दोन दिवस गेटबाहेर थांबायचं हे कामगार ठरवत नाही. काम तेच, जागा तीच, पगार देणारा तोच असेल, तर तो खंड मालकानेच पाडलेला असतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कारखाने बंद राहिले, तेही याच न्यायाने कामगाराच्या खात्यावर टाकता येत नाही.

समजा, खंड मोजायचाच म्हटलं, तरी दुसरा आधार आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष सलग सेवेचं मानलं जातं. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांना आणि आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनांना ही अट १९० दिवसांची. आता अकरा महिन्यांचा करार मोजा. साधारण ३३४ दिवस. त्यातले सगळे रविवार वजा केले तरी २८५ च्या आसपास उरतात. २४० ची रेघ केव्हाच ओलांडलेली असते. वर्ष पुरं होऊ नये म्हणून निवडलेली अकरा महिन्यांची मुदत ग्रॅच्युइटीच्या हिशेबात काहीच वाचवत नाही. तरीही ती चालत राहिली, कारण विचारायला कुणी गेलंच नाही.

जे गेले त्यांच्यापैकी एक प्रकरण मुद्दाम सांगण्याजोगं आहे. छत्तीसगड सरकारच्या नोकरीत नेतराम साहू यांनी पंचवीस वर्षं काम केलं. त्यातली बावीस रोजंदारीवर. शेवटची तीनच वर्षं नियमित नेमणुकीची. सरकारचं म्हणणं होतं की नियमित सेवा पाच वर्षांची नाही, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि सगळी पंचवीस वर्षं धरून ग्रॅच्युइटी द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मानधनावर काम करणाऱ्या या बायकांनाही हा कायदा लागू असल्याचं मान्य केलं. या दोन निकालांनंतर ‘तुम्ही कायम नव्हता’ हे कारण न्यायालयात टिकणं अवघड आहे.

आता नवा कायदा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९७२ चा कायदा तिच्यात सामावला. तिच्या कलम ५३ मध्ये नोकरी संपण्याच्या कारणांत एक नवं कारण स्पष्ट लिहिलं आहे: निश्चित मुदतीच्या नोकरीची मुदत संपणं. अशा वेळी पाच वर्षांची अट लागत नाही, आणि रक्कम सेवेच्या प्रमाणात द्यायची आहे. सोबतच्या औद्योगिक संबंध संहितेत करारावर एक वर्ष सेवा केल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं म्हटलं आहे. वर्तमानपत्रांत ‘एका वर्षात ग्रॅच्युइटी’ म्हणून आलं ते हेच.

या एका वर्षाच्या उल्लेखामुळे अकरा महिन्यांच्या कराराला पुन्हा धुमारे फुटतील. मालक म्हणेल, एकही करार वर्षाचा नाही. त्याला उत्तर संहितेतच आहे. २४० दिवसांची तरतूद तिनेही ठेवली आहे. शिवाय निश्चित मुदतीच्या नोकरीच्या व्याख्येतच म्हटलं आहे की कायम कामगाराला मिळणारे सर्व लाभ या कामगाराला त्याच्या सेवेच्या प्रमाणात मिळतील, पात्रतेचा कालावधी पुरा झाला नसला तरीही.

एक हिशेब करून पाहू. समजा, एक ऑपरेटर १ ऑगस्ट २०१८ ला लागला. अकरा महिन्यांचे आठ करार झाले, मध्ये दोन-दोन दिवसांचे खंड, आणि आठवा करार डिसेंबर २०२५ च्या मध्यावर संपला. कामाचे महिने झाले ८८, म्हणजे सात वर्षं चार महिने. शेवटचा एकूण पगार २४,००० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १०,४००.

जुन्या रीतीने महिन्याचं वेतन २६ ने भागायचं आणि १५ ने गुणायचं. १०,४०० चे होतात वर्षाला ६,००० रुपये. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, कमी असेल तर सोडून देतात. चार महिने सुटले, सात वर्षांचे ४२,००० रुपये. हीच नोकरी संहिता येण्याआधी संपली असती तरी एवढे पैसे देय होते, हे इथे अधोरेखित करायला हवं.

नव्या रीतीत दोन फरक पडतात. वेतनाच्या व्याख्येनुसार भत्त्यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. इथे भत्ते १३,६०० आहेत, निम्मे म्हणजे १२,०००. वरचे १,६०० वेतनात आले आणि वेतन झालं १२,०००. वर्षाला ६,९२३ रुपये. दुसरा फरक असा की रक्कम प्रमाणात द्यायची असल्यामुळे चार महिनेही मोजायचे. सात वर्षं चार महिन्यांचे होतात ५०,७६९ रुपये. आधीच्या वर्षांवर नवा नियम कसा लावायचा यावर मालक वाद घालतील. पण ग्रॅच्युइटी नोकरी संपते त्या दिवशी, शेवटच्या वेतनावर देय होते, आणि कलमाचे शब्द त्या दिवसाला बांधलेले आहेत. वाद कितीही ताणला तरी रक्कम ४२,००० च्या खाली उतरत नाही, शून्यावर तर नाहीच.

ही रक्कम अनेकदा कामगाराच्या नावावर आधीच दाखवलेली असते. नेमणूकपत्रासोबतचा वार्षिक खर्चाचा तक्ता पाहा. त्यात मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून धरलेले असतात. पंधरा भागिले सव्वीस, आणि त्याला बाराने भागलं की हाच आकडा येतो. पॅकेज मोठं दिसावं म्हणून ती रक्कम मोजायची आणि निघताना द्यायची नाही, हा प्रकार मला सगळ्यांत संतापजनक वाटतो. तो तक्ता जपून ठेवावा.

पुरावा हाच खरा प्रश्न असतो. आठ करारांपैकी पाचांची पत्रं हरवलेली असतात, काहींच्या प्रती दिलेल्याच नसतात. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक कामाला येतं. प्रत्येक करारागणिक नवा सदस्य क्रमांक काढलेला असला तरी घाबरू नये. बावीस अक्षरी क्रमांकात सुरुवातीच्या पाच अक्षरांनंतरचे सात आकडे आस्थापनेचे असतात. ते सगळीकडे सारखे असतील, तर पगार देणारा एकच होता हे तिथेच दिसतं. महिनावार वर्गणीही ओळीने दिसते, त्यामुळे खंड किती लहान होता तेही कळतं. दर कराराअखेरीस ‘सर्व रक्कम मिळाली, काही येणं नाही’ अशा पावतीवर सही घेतलेली असते. तिचंही दडपण घेऊ नये. कायद्याने दिलेली ग्रॅच्युइटी करारातल्या मजकुराने किंवा अशा पावतीने बुडत नाही.

आस्थापनेचे सात आकडे मात्र दरवेळी वेगळे निघाले, तर प्रकरण दुसरं आहे. तो कामगार ठेकेदारांमार्फत लागलेला असतो आणि ठेकेदार बदलत गेलेले असतात. निश्चित मुदतीची नोकरी म्हणजे मालकाशी थेट लेखी करार. ठेकेदाराच्या माणसाला ग्रॅच्युइटी आधी ठेकेदाराकडे मागावी लागते, आणि ठेकेदारांची साखळी जोडून मूळ मालकापर्यंत पोचण्याची लढाई वेगळी आणि लांबची आहे.

मागणीची रीत अवघड नाही. नोकरी संपल्यापासून तीस दिवसांत मालकाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज उशिरा गेला म्हणून हक्क जात नाही. रक्कम ठरवण्याची जबाबदारी अर्ज असो वा नसो मालकाचीच आहे, आणि तीस दिवसांत ती दिली नाही तर व्याज लागतं. १९७२ च्या कायद्याखाली हा दर सरळव्याजाने १० टक्के होता, म्हणजे वरच्या ५०,७६९ रुपयांवर महिन्याला सुमारे ४२३ रुपये. दाद मागण्यासाठी महाराष्ट्रात आजवर हे दावे कामगार न्यायालयात चालत आले, अपील औद्योगिक न्यायालयात. मालकाला अपील करायचं तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागत असे, आणि त्यामुळेच अनेक प्रकरणं पहिल्या निकालावर मिटली.

एका ठिकाणी मात्र कामगाराचा स्वतःचाच हात पोळू शकतो. पाच वर्षांची अट सुटते ती मुदत संपल्यावर, मुदतीच्या आधी राजीनामा दिल्यावर नव्हे. सेवा पाच वर्षांच्या पुढे असेल तर राजीनामा देऊनही ग्रॅच्युइटी मिळते. पण दोन-तीन वर्षंच झाली असतील आणि करार संपायला महिनाभर उरला असेल, तर दुसरीकडची नोकरी चालून आली तरी तो महिना काढावा. करार संपवताना ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहून घेण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू आहे. त्या कागदावर सही करण्याआधी मुदतीची तारीख पाहावी, आणि कारणाच्या जागी ‘कराराची मुदत संपली’ एवढंच लिहावं.